कितीपैकी किती? नमुन्याचा तक्ता आणि त्याखालचा परिच्छेद

प्रबंध समाजकार्याचा असो, नर्सिंगचा असो की कृषी विस्ताराचा, निष्कर्षांच्या प्रकरणात पहिला तक्ता ठरलेला असतो: सहभागींची वैशिष्ट्ये. किती पुरुष, किती स्त्रिया, वय काय, शिक्षण किती, जमीन किती. विद्यार्थी हा तक्ता घाईत उरकतात, कारण त्यांच्या मते खरं संशोधन पुढे असतं. जाणकार परीक्षक मात्र नेमका इथेच थांबतो. तक्त्यातला एक आकडा आणि खालच्या परिच्छेदातला एक आकडा जुळला नाही, की पुढच्या चाळीस पानांकडे तो संशयानेच पाहतो. मला हा संशय रास्त वाटतो. माणसं मोजण्यात गोंधळ असेल, तर त्या माणसांची उत्तरं मोजण्यात नसेल कशावरून?

एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवून पाहू. आकडे समजावण्यासाठी तयार केलेले आहेत, पण विषय आपल्या भागातला आहे. समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या चार गावांत कपाशीवरच्या फवारणीच्या कामात कोण कोण असतं आणि ते हातमोजे, मास्क वगैरे वापरतात का, याची पाहणी केली. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून या विषयावर विद्यार्थी काम करत असतात. घरोघर फिरून २१० नावांची यादी झाली. त्यातले २३ जण भेटलेच नाहीत. भेटलेल्या १८७ पैकी ११ जणांनी नकार दिला. १७६ फॉर्म भरले. नंतर तपासताना कळलं, की त्यातल्या चौघांनी या हंगामात फवारणीचं कोणतंच काम केलं नव्हतं, म्हणून ते वगळले. राहिले १७२. हा १७२ आकडा पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे.

त्याचा तक्ता असा:

तक्ता १. कपाशीवरील फवारणीच्या कामात असलेल्या सहभागींची वैशिष्ट्ये (चार गावे, एकूण १७२)

| वैशिष्ट्य | संख्या | टक्के |
|---|---|---|
| लिंग | | |
| पुरुष | १३९ | ८०.८ |
| स्त्री | ३३ | १९.२ |
| वय (पूर्ण वर्षे) | | |
| १८–२९ | ३१ | १८.० |
| ३०–३९ | ५२ | ३०.२ |
| ४०–४९ | ४७ | २७.३ |
| ५०–५९ | २९ | १६.९ |
| ६० व त्याहून जास्त | १३ | ७.६ |
| शिक्षण (१६७ जण) ᵃ | | |
| शाळेत गेले नाहीत | २२ | १३.२ |
| १ली ते ७वी | ४९ | २९.३ |
| ८वी ते १०वी | ६३ | ३७.७ |
| ११वी–१२वी | २४ | १४.४ |
| त्यापुढे | ९ | ५.४ |
| कुटुंबाची जमीन ᵇ | | |
| नाही | ४८ | २७.९ |
| २.५ एकरपर्यंत | ४१ | २३.८ |
| २.५ पेक्षा जास्त ते ५ एकर | ४६ | २६.७ |
| ५ एकरांपेक्षा जास्त | ३७ | २१.५ |
| काम कोणाच्या वावरात | | |
| फक्त घरच्या | ७१ | ४१.३ |
| फक्त मजुरीने दुसऱ्याच्या | ५८ | ३३.७ |
| दोन्हीकडे | ४३ | २५.० |

ᵃ ५ जणांच्या शिक्षणाची नोंद नाही. टक्के १६७ वर काढले आहेत.
ᵇ सातबाऱ्यावर कुटुंबातील कोणाच्याही नावे असलेली जमीन. मक्त्याने केलेली जमीन यात धरलेली नाही. टक्क्यांची बेरीज पूर्णांकनामुळे ९९.९ येते.

वयाची सरासरी ४१.३ वर्षे (प्रमाण विचलन १२.०) आणि मध्यक ४० वर्षे. जमीन असलेल्या कुटुंबांतल्या १२४ सहभागींकडे सरासरी ४.७ एकर (प्रमाण विचलन ३.९) आणि मध्यक ३.५ एकर.

आता या तक्त्याखाली प्रबंधात सहसा दिसतो तसा परिच्छेद वाचा:

> या पाहणीत फवारणी करणाऱ्या १७६ शेतकऱ्यांचा समावेश होता. त्यांपैकी ८१.३ टक्के पुरुष होते. बहुसंख्य सहभागी ३० ते ४० वयोगटातील होते. ३६.६ टक्के सहभागी दहावीपर्यंत शिकलेले होते. ५०.५ टक्के अल्पभूधारक होते. सहभागींकडे सरासरी ४.७ एकर जमीन होती. मजुरीने काम करणाऱ्यांमध्ये ८१.८ टक्के स्त्रिया होत्या.

वाचायला गुळगुळीत आहे. एकही आकडा हवेतून आलेला नाही, प्रत्येकामागे काही ना काही हिशेब आहे. तरीही सातही वाक्यं चुकलेली आहेत, आणि पहिली दोन सोडली तर प्रत्येकाची चूक वेगळ्या जातीची आहे.

पहिली दोन वाक्यं एकाच कारणाने बिघडली. परिच्छेद लिहिला तेव्हा फॉर्म १७६ होते आणि पुरुष १४३. त्यावर ८१.३ टक्के येतात. नंतर चार फॉर्म गळले, चौघेही पुरुष होते. तक्ता नव्याने काढला, परिच्छेद तसाच राहिला. ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. तिची खूण म्हणजे सारांशात एक संख्या, पद्धतीच्या प्रकरणात दुसरी आणि तक्त्यात तिसरी. उपाय साधा आहे. आधी कोण आत, कोण बाहेर हे पक्कं करायचं, मग तक्ता, मग परिच्छेद. आणि १७६ हा आकडा लपवायचा नाही. २१० पासून १७२ पर्यंत माणसं कुठे कुठे गळली, हे दोन ओळींत सांगायचं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्ट्रोब' या मार्गदर्शक सूचीत, जी निरीक्षणात्मक आरोग्य-अभ्यासांसाठी जगभर वापरली जाते, नेमकं हेच मागितलं आहे: प्रत्येक टप्प्यावर किती जण होते, आणि प्रत्येक बाबीत किती जणांची माहिती नाही. म्हणजे १७६ चा उल्लेख येऊ शकतो, पण 'भरलेले फॉर्म' म्हणून. 'समावेश' १७२ जणांचाच.

पहिल्या वाक्यात आणखी एक खोट आहे आणि ती आकड्याची नाही. 'फवारणी करणारे शेतकरी' असं म्हटलं, पण यादीत जे घेतले ते फवारणीच्या कामात असलेले. पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या ओळींतून फिरणारा आणि बांधावर औषध कालवून, पाण्याचे हंडे आणून पंप भरून देणारी बाई, दोघंही. आपल्याकडे स्त्रियांचं काम बहुतेक दुसऱ्या प्रकारचं असतं. आणि ५८ जण तर फक्त मजुरीने येतात, त्यांना 'शेतकरी' म्हणणं म्हणजे शेतमजुराला कागदावरूनही काढून टाकणं. तक्त्याच्या शीर्षकात ज्या शब्दांत गट सांगितला, त्याच शब्दांत परिच्छेदात सांगायचा. एकदा 'शेतकरी', एकदा 'फवारणी करणारे', एकदा 'उत्तरदाते' असं लेखनाला नटवण्यासाठी केलं, तर वाचणाऱ्याला वाटतं हे तीन वेगळे गट आहेत.

तिसरं वाक्य वयाचं. ३०–३९ या गटात ५२ जण आहेत, म्हणजे ३०.२ टक्के. बहुसंख्य म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि तीस टक्के म्हणजे तिघांत एकही नाही. हा 'सर्वांत मोठा गट' आहे, एवढंच. शिवाय तक्त्यात ३०–३९ आणि वाक्यात ३० ते ४०. चाळीस वर्षांचा माणूस तक्त्यात पुढच्या गटात बसला आहे, वाक्यात तो मागच्या गटात ओढला गेला. एका वर्षाने काय फरक पडतो, असं वाटेल. आपल्या गावांत बराच पडतो. साठीच्या आसपासच्या माणसाला वय विचारा, "असन चाळीसेक... नाही, पोरगंच चाळीसचं झालं, म्हंजे साठ धरा" असं उत्तर येतं. माणसं वय शून्यावर किंवा पाचावर आणून सांगतात: चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. त्यामुळे नेमक्या गटाच्या सीमेवर गर्दी होते आणि चाळीसवाले इकडे की तिकडे, यावर गटाचा आकडा हलतो. म्हणून तक्ता करताना २०–३०, ३०–४० असे एकमेकांवर चढणारे गट करायचेच नाहीत. शक्य असेल तर आधार कार्डावरचं जन्मवर्ष बघून वय नोंदवायचं. ते जमलं नसेल तर 'वय सहभागींनी सांगितल्याप्रमाणे' अशी तळटीप द्यायची.

वयाच्या बाबतीत एक तपासणी कागद-पेन्सिलने होते. मध्यक म्हणजे वयाने रांगेत उभं केलं तर मधोमध येणारा माणूस. १७२ जणांत तो ८६वा आणि ८७वा. तक्त्यात पहिल्या दोन गटांत मिळून ३१ आणि ५२, म्हणजे ८३ जण संपतात. तेव्हा ८६वा माणूस ४०–४९ च्या गटात, तोही अगदी सुरुवातीला पडतो. मध्यक ४० लिहिलाय, जुळतं. एखाद्याने ३८ लिहिला असता, तर मूळ फॉर्म न बघताही सांगता आलं असतं, की तक्ता आणि मध्यक यातलं एक काहीतरी चुकीचं आहे. परीक्षकाकडे तुमची माहिती नसते, पण ही बेरीज त्याला तोंडी येते.

शिक्षणाचं वाक्य जास्त फसवं आहे. ६३ भागिले १७२ केलं की ३६.६ येतात. तक्त्यात मात्र ३७.७ आहेत, कारण तिथे भाग १६७ ने दिला आहे. पाच जणांनी शिक्षण सांगितलं नाही किंवा विचारणाऱ्याने ती जागा कोरी सोडली. दोन्ही पद्धती चालतात, मात्र एकच निवडायची आणि सांगायची. १७२ वर टक्के काढायचे असतील, तर 'नोंद नाही: ५' अशी ओळ तक्त्यात हवी, नाहीतर बेरीज शंभर होणार नाही. १६७ वर काढायचे असतील, तर परिच्छेदातही 'नोंद असलेल्या १६७ जणांत' हे शब्द हवेत. तक्ता एका छेदावर आणि परिच्छेद दुसऱ्यावर, हे चालत नाही.

त्याच वाक्यातला 'दहावीपर्यंत' हा शब्दही घसरडा आहे. आठवी ते दहावी शिकलेले ६३. पण 'दहावीपर्यंत शिकलेले' म्हटलं, की कोणी त्यात पहिलीपासूनचे सगळे धरेल, आणि शाळेतच न गेलेल्यांनाही धरून 'दहावीच्या पुढे न गेलेले' असा अर्थ घेतला तर ते १३४ होतात, म्हणजे ८०.२ टक्के. तिसरा वाचक समजेल, हे दहावी पास झालेले आहेत. तक्त्यातली ओळ जशी आहे तशी उचला: '८वी ते १०वीपर्यंत शिकलेले'. थोडं रुक्ष वाटेल, वाटू द्या.

आता जमीन. शासकीय व्याख्येत एक हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण अडीच एकरपर्यंत जमीन असलेला सीमांत शेतकरी, आणि एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक. बोलताना आपण दोघांनाही अल्पभूधारक म्हणतो. लेखकाने तेच केलं, दोन्ही ओळींची बेरीज घेतली: २३.८ अधिक २६.७, बरोबर ५०.५. पण माणसं मिळवली तर ४१ आणि ४६ म्हणजे ८७, आणि ८७ भागिले १७२ म्हणजे ५०.६. दशांशाचा हा फरक खोटेपणाचा नाही, पूर्णांकनाचा आहे. दोन्ही टक्के आधीच थोडे खाली ओढलेले होते, त्यांची बेरीज आणखी थोडी खाली आली. म्हणून टक्क्यांची बेरीज करून नवे टक्के काढायचे नाहीत. आधी संख्या मिळवायच्या, मग भागायचं. याच कारणाने जमिनीच्या चार ओळींची बेरीज ९९.९ येते. ती शंभर करण्यासाठी कुठल्यातरी ओळीत गुपचूप ०.१ वाढवणारेही पाहिले आहेत. तसं करू नये. तळटीप पुरते. आणि 'अल्पभूधारक' या शब्दात सीमांतही धरले असतील, तर तेही लिहायला हवं, नाहीतर तहसील कार्यालयातला वाचक दुसराच अर्थ घेईल.

पण मुळात 'जमीन आहे' म्हणजे काय, हे ठरवणं या तक्त्यातलं सर्वांत अवघड काम आहे. सातबारा सासऱ्याच्या नावावर, वावर करतात दोन मुलं, आणि आपली सहभागी आहे धाकटी सून. तिला जमीन आहे का? तिच्या स्वतःच्या नावावर विचारलं तर नाही, कुटुंबाच्या नावावर विचारलं तर आहे. दुसरा माणूस भूमिहीन आहे, पण तीन एकर मक्त्याने करतो, त्याच्या घरी कपाशी येते. तिसऱ्याकडे पाच एकर आहेत, पण त्याने ते मक्त्याने दिले आणि स्वतः मजुरीला जातो. यातली कुठलीही व्याख्या चुकीची नाही, पण एक धरली की शेवटपर्यंत तीच. आपण कुटुंबाच्या नावची जमीन धरली आणि मक्ता बाहेर ठेवला, हे तळटिपेत सांगितलं.

ही व्याख्या सांगितली नसती तर तक्त्याच्या दोन भागांत भांडण दिसलं असतं. जमीन असलेले १२४. घरच्या वावरात काम करणारे मात्र ७१ अधिक ४३, म्हणजे ११४. दहा माणसं गेली कुठे? शिवाय त्या ११४ पैकी काहींना जमीनच नाही! फॉर्म पुन्हा लावून पाहिले तर हिशेब सापडतो. भूमिहीन ४८ पैकी ७ जण मक्त्याने शेती करतात, म्हणून ते 'घरच्या वावरात' आले. जमीनवाल्या १२४ पैकी १७ जण फक्त मजुरीने जातात. १२४ मधून १७ गेले, ७ आले, राहिले ११४. जुळलं. असं जिथे दोन बाबी एकमेकींवर अवलंबून असतात, तिथे वाचकाच्या मनात प्रश्न उठायच्या आधीच परिच्छेदात एक वाक्य टाकायचं: 'मक्त्याने केलेल्या शेतीतील काम घरच्या वावरातील काम म्हणून धरले आहे.'

सरासरी ४.७ एकरचं वाक्य घ्या. 'सहभागींकडे सरासरी ४.७ एकर' म्हटलं की १७२ जणांची सरासरी वाटते. ती फक्त जमीन असलेल्या १२४ जणांची आहे. ४८ भूमिहीनांचे शून्य एकर धरले, तर तीच सरासरी ३.४ वर येते. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न एवढाच की कोणाची सरासरी.

दुसरी गोष्ट, जमिनीसाठी सरासरी मुळात योग्य का? प्रमाण विचलन ३.९ आहे. सरासरीतून त्याची दुप्पट वजा केली तर उत्तर उणे तीन एकरांच्या आसपास जातं. उणे तीन एकर जमीन कोणाकडे नसते. हा संकेत असतो, की बहुतेकांकडे थोडी जमीन आणि मोजक्यांकडे खूप, असा एका बाजूला लांबलेला आकार आहे. अशा वेळी परिच्छेदात मध्यक सांगावा, ३.५ एकर, आणि सोबत चतुर्थक द्यावेत. इथे ते २ आणि ६ एकर आहेत. म्हणजे मधल्या निम्म्या लोकांकडे दोन ते सहा एकरांच्या दरम्यान जमीन आहे. वयाच्या बाबतीत सरासरी आणि मध्यक जवळजवळ आहेत, तिथे सरासरी चालते. सरसकट सगळ्याला सरासरी लावणं हा आळस आहे.

मध्यकाचा आणखी एक फायदा, तो नोंदीतल्या चुकांना सहज बळी पडत नाही. माहिती नसेल तिथे ९९ टाकायची जुनी पद्धत अजून चालते. चार एकरवाल्या एकाच फॉर्ममध्ये असा ९९ राहिला आणि संगणकाने तो एकर समजून मोजला, तर १२४ जणांची सरासरी ४.७ वरून ५.५ होते. मध्यक जागचा हलत नाही. म्हणून आकडे काढण्यापूर्वी प्रत्येक रकान्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा डोळ्यांनी बघायचा. ९९ एकर किंवा ६ वर्षांचा फवारणीवाला दिसला की फॉर्म काढून बघायचा. नोंद नसेल ती जागा कोरी ठेवलेली बरी.

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, कारण ते अर्थच उलटा करतं. 'मजुरीने काम करणाऱ्यांमध्ये ८१.८ टक्के स्त्रिया'. खरी गोष्ट अशी: ३३ स्त्रियांपैकी २७ जणी फक्त मजुरीने जातात. २७ भागिले ३३, म्हणजे ८१.८ टक्के. हा 'स्त्रियांमध्ये मजुरीवाल्या किती' याचा आकडा. 'मजुरीवाल्यांमध्ये स्त्रिया किती' हे विचारलं, तर छेद बदलतो: ५८ पैकी २७, म्हणजे ४६.६ टक्के, निम्म्याहून कमी. आणि सगळ्या नमुन्यात फक्त मजुरी करणाऱ्या स्त्रिया किती, तर १७२ पैकी २७, म्हणजे १५.७ टक्के. माणसं तीच सत्तावीस, टक्के तीन. लेखकाने पहिला आकडा घेऊन दुसरं वाक्य लिहिलं. असं वाक्य वाचून कोणी अधिकारी ठरवेल, की मजुरांसाठीचं सुरक्षा प्रशिक्षण मुख्यतः बायकांना द्यावं, आणि मजुरीने पंप उचलणारे ३१ पुरुष राहून जातील.

मराठीत 'मध्ये' हा शब्द इथे दगा देतो, कोण कोणात हे पटकन लक्षात येत नाही. 'पैकी' वापरला की छेद आपोआप लिहावा लागतो. '३३ स्त्रियांपैकी २७ जणी' लिहिताना चुकणं अवघड आहे. छोट्या गटात तर मी टक्क्यांपेक्षा हेच आधी लिहीन, टक्के कंसात.

छोट्या गटांचा एक फायदा तपासणाऱ्याला होतो. ३३ जणींमधून ८० टक्के कधीच निघत नाहीत. २६ जणी म्हणजे ७८.८ आणि २७ म्हणजे ८१.८, मध्ये काही नाही. प्रबंधात '८०.० टक्के स्त्रिया' दिसलं, तर छेद ३३ नाही हे नक्की, बहुधा काही जणी गाळलेल्या आहेत आणि ते सांगितलेलं नाही. पूर्ण संख्यांच्या सरासरीलाही हेच लागू पडतं. ३३ घरांत माणसं सरासरी ४.३५ असं असूच शकत नाही: १४३ माणसं असतील तर ४.३३, १४४ असतील तर ४.३६. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी २०१६ मध्ये ही तपासणी 'ग्रिम' या नावाने मांडली आणि प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांवर ती लावून दाखवली. गट मोठा झाला की ही युक्ती चालत नाही. दोन दशांशांची सरासरी शंभरावर माणसांत जवळपास कुठलीही येऊ शकते.

असे उपगटाचे आकडे हाताने मोजत बसू नयेत. एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये मूळ नोंदींच्या पानावर एक ओळ पुरते. पहिली ओळ शीर्षकाची, म्हणून १७२ जणांच्या नोंदी दुसऱ्या ओळीपासून १७३व्या ओळीपर्यंत येतात. C रकान्यात लिंग आणि H मध्ये कामाचा प्रकार असेल, तर:

```
=COUNTIFS(C2:C173,"स्त्री",H2:H173,"फक्त मजुरी")
```

उत्तर २७ यायला हवं. २५ आलं तर बहुधा कुणीतरी दोन ठिकाणी 'फक्त मजूरी' असं दीर्घ लिहिलं आहे किंवा शब्दानंतर एक जागा सुटली आहे. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला नाहीत. त्यासाठी नोंदी भरताना शब्द टाइप करण्यापेक्षा १, २, ३ असे संकेतांक बरे.

कामाच्या जागेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला असता तर आणखी एक घोळ झाला असता. 'घरच्या वावरात करता का?' आणि 'मजुरीने करता का?' असे दोन प्रश्न असते, तर ११४ आणि १०१ असे होकार मिळाले असते, म्हणजे ६६.३ आणि ५८.७ टक्के. बेरीज १२५. हे चूक नाही, कारण ४३ जण दोन्हीकडे मोजले गेले. पण मग 'एकापेक्षा जास्त उत्तरे शक्य' ही टीप लागते, आणि 'उरलेले ३३.७ टक्के' अशी वजाबाकीची भाषा जपून वापरावी लागते. तीन वेगळ्या ओळी केल्यामुळे आपली त्यातून सुटका झाली.

आता तोच परिच्छेद पुन्हा लिहू:

> चार गावांतील यादीतल्या २१० पैकी १८७ जण भेटले, १७६ जणांनी फॉर्म भरले आणि या हंगामात फवारणीचे काम न केलेले ४ जण वगळून १७२ जणांची माहिती वापरली (तक्ता १). हे सर्व कपाशीवर फवारणी करणारे किंवा औषध कालवणारे व पाणी आणून देणारे होते. त्यांत १३९ (८०.८%) पुरुष आणि ३३ (१९.२%) स्त्रिया होत्या. वयाची सरासरी ४१.३ वर्षे होती, ३०–३९ हा सर्वांत मोठा वयोगट होता (३०.२%). शिक्षणाची नोंद असलेल्या १६७ पैकी ६३ (३७.७%) जण ८वी ते १०वीपर्यंत शिकलेले होते. ४८ (२७.९%) जणांच्या कुटुंबाकडे जमीन नव्हती, जमीन असलेल्या १२४ जणांत तिचा मध्यक ३.५ एकर होता. फक्त मजुरीने काम करणारे ५८ (३३.७%) होते: ३३ स्त्रियांपैकी २७ (८१.८%) आणि १३९ पुरुषांपैकी ३१ (२२.३%).

तक्त्यातली प्रत्येक ओळ इथे आलेली नाही आणि यायचीही नाही. 'साठीच्या वरचे ७.६ टक्के, पन्नाशीतले १६.९ टक्के' असा तक्ता पुन्हा वाक्यांत वाचून दाखवला, तर वाचणारा दोन्ही सोडून देतो. निवड कशी करायची? पुढच्या निष्कर्षांना जे लागणार आहे ते घ्यायचं. या पाहणीत हातमोजे-मास्कच्या वापरात मजूर आणि घरचे यांच्यातला फरक बघायचा आहे, म्हणून मजुरीची विभागणी परिच्छेदात आली, जरी ती तक्त्यात नाही. तक्त्यात नसलेला असा आकडा परिच्छेदात घेताना दोन्ही संख्या लिहायच्याच, म्हणजे वाचणाऱ्याला पडताळा घेता येतो: २७ आणि ३१ मिळून ५८, तक्त्यातल्या ओळीइतकेच.

पडताळणीची रीत कंटाळवाणी आहे, पण अर्ध्या तासात होते. परिच्छेदाची छापील प्रत घ्यायची, प्रत्येक आकड्याभोवती पेन्सिलने गोल करायचा आणि तो तक्त्यातल्या कुठल्या ओळीतून आला ते बाजूला लिहायचं. ज्या गोलाला ओळ सापडत नाही, त्याचा हिशेब समासात मांडायचा. हे काम लिहिणाऱ्याने न करता सोबतच्या मित्राने किंवा मैत्रिणीने केलेलं बरं, लिहिणाऱ्याला आपला आकडा बरोबरच दिसतो. सारांश आणि समारोपाचं प्रकरण यातले आकडेही त्याच वेळी गोल करायचे. पुढच्या एखाद्या तक्त्यात एकूण १७२ ऐवजी १६९ आले, तर तिघांनी त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, हे तिथल्या तिथे लिहायचं.

एक मर्यादा मात्र कितीही जुळवाजुळव केली तरी तक्त्यात मावत नाही. जे २३ जण भेटले नाहीत ते कोण होते? फवारणीच्या दिवसांत दुपारी गावात गेलं, तर घरी सापडतात म्हातारी माणसं आणि ज्यांना आज काम नाही ते. मजुरीवाले सूर्य उगवायच्या आत निघतात आणि दिवेलागणीला येतात. ते २३ जण बहुतांशी मजूर असतील, तर ३३.७ टक्के हा मजुरांचा आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे. यादी करतानाच प्रत्येक नावासमोर लिंग आणि मजुरी-घरचं एवढं टिपून ठेवलं असेल, तर न भेटलेल्यांची भेटलेल्यांशी तुलना एका वाक्यात देता येते. टिपलं नसेल, तर 'न भेटलेल्यांविषयी माहिती उपलब्ध नाही' असं लिहावं. 'यवतमाळ जिल्ह्यातील फवारणी करणाऱ्यांत ८०.८ टक्के पुरुष आहेत' हे वाक्य मात्र या तक्त्यातून निघत नाही. चार गावं आपण निवडली, चिठ्ठ्या टाकून काढली नाहीत, तेव्हा आकडा 'या १७२ जणांत' एवढ्याचाच आहे.